गल्ला, फट आणि आजोबा

‘गल्ला’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ रूढ असून ते दोन्ही पैशाशी संबंधित असले तरी एकमेकांच्या विरुद्ध दिशेला तोंड करून उभे आहेत. दुकानदाराचा गल्ला म्हणजे दिवसभर उघडझाप करणारा खण, ज्यात पैसा येतो तितक्याच सहजतेने निघूनही जातो. आणि मुलांचा गल्ला म्हणजे कुंभाराने मातीचा घडवलेला, वरून पूर्ण बंद असलेला आणि खांद्यावर केवळ एक अरुंद फट ठेवलेला लहान घट, ज्यात पैसा जातो आणि घट फुटेपर्यंत बाहेर येत नाही, अशी निदान समजूत आहे. मूळ अरबी-फारसी शब्दाचा अर्थ धान्य असा होता हे लक्षात घेतले म्हणजे कणगीतले दाणे आणि गल्ल्यातली नाणी यांच्यामागचा साठवणीचा विचार एकच असल्याचे ध्यानात येते, मात्र कणगीला खाली तोंड ठेवण्याचा शहाणपणा शेतकऱ्याने दाखवला आणि गल्ल्याच्या बाबतीत तो कटाक्षाने टाळला. हे तोंड नसणे हाच गल्ल्याचा एकमेव गुण होय.

तो गुण कसा घडतो हे पाहण्यासारखे आहे. चाकावर मातीचा गोळा उभा करून कुंभार त्याचे पोट फुगवतो, मग इतर मडक्यांप्रमाणे काठ बाहेर न वळवता तो आत आत ओढत नेतो, आणि शेवटी वरचे भोक मिटवून तिथे एक छोटे बोंड ठेवतो. माती पुरती ओलीही नसते आणि पुरती सुकलेलीही नसते अशा अवस्थेत तारेने किंवा पातळ पात्याने फट कापली जाते. ही फट केवळ नाण्यासाठी नसते. बंद घटात कोंडलेल्या हवेला आणि वाफेला वाट न मिळाल्यास तो आव्यात, म्हणजे मडकी भाजण्याच्या भट्टीत, फुटण्याचा धोका असतो, त्यामुळे पहिली बचत सुरू होण्यापूर्वीच गल्ल्याला श्वास घ्यावा लागतो. शिवाय माती सुकताना आणि भाजताना आकसते. हे आकसणे मिळून दहावा हिस्सा धरले, तर कुंभाराने ३० मिलिमीटर लांब कापलेली फट आव्यातून बाहेर येताना २७ मिलिमीटरची झालेली असते. भारतीय दहा रुपयांच्या नाण्याचा व्यासही २७ मिलिमीटरच आहे. या योगायोगाचा पुढील हकिकतीशी थेट संबंध आहे.

हकिकत जुन्नर तालुक्यातील एका गावातली असून तिच्यातील आजोबा हे निवृत्त प्राथमिक शिक्षक होत, अर्थात त्यांना कोणतीही गोष्ट नुसती करता येत नसे, ती शिकवावी लागे. नातू चौथीत होता आणि त्याला क्रिकेटची बॅट हवी होती. नारायणगावच्या बाजारपेठेत त्या बॅटीची किंमत ५५० रुपये सांगण्यात आली, तेव्हा आजोबांनी ती तत्काळ विकत घेण्याऐवजी चाळीस रुपयांचा एक गल्ला विकत घेतला, आणि आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत, म्हणजे संपूर्ण चातुर्मासभर, रोज पाच रुपयांचे एक नाणे नातवाच्या हातून गल्ल्यात टाकले जाईल असा संकल्प सोडला. चार चांद्रमास म्हणजे सुमारे ११८ दिवस, ११८ नाण्यांचे ५९० रुपये, बॅट घेऊन वर चाळीस रुपये शिल्लक आणि तेवढ्यात पुढचा गल्ला. हिशेब इतका गोल बसला की आजोबांना तो पंचांगकर्त्यांनीच करून ठेवला असावा असे वाटले. नातवाने फक्त एवढेच विचारले की बॅट आत्ता घेऊन रोजचे पाच रुपये आजोबांनी नंतर गल्ल्यात टाकले तर काय बिघडेल. या व्यवहाराला हप्ता म्हणतात आणि आज देशातील बरीचशी वाहने याच तत्त्वावर रस्त्यावर धावतात, परंतु शिक्षकाला ते मान्य होणे शक्य नव्हते. त्या वर्षी अधिक महिना नव्हता हे नातवाचे नशीब म्हणावे लागेल. २०२३ साली श्रावण अधिक आल्यामुळे चातुर्मास पाच महिन्यांचा झाला होता, आणि तशा वर्षी आजोबांनी धर्मशास्त्राला धरून बॅट आणखी महिनाभर पुढे ढकलली असती यात शंका नाही.

बचतीचे शिक्षण देणाऱ्याला जुन्नर परिसरात उदाहरणांचा तुटवडा नाही. कोकणातून वर येणारा प्राचीन व्यापारी मार्ग जिथे घाटमाथ्याला लागतो त्या नाणेघाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे, आणि सातवाहन काळी व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात, म्हणजे मालावरचा कर, त्यात टाकली जात असे अशी त्याची ओळख सांगितली जाते. आजोबांनी नातवाला एका रविवारी तिथे नेले आणि हा जगातला सर्वांत थोर गल्ला असल्याचे सांगितले. रांजणाचे तोंड उघडे असल्याचे नातवाच्या लगेच लक्षात आले.

“आजोबा, याला फट कुठंय? हा तर वरून उघडाच आहे.”

“अरे, इथं राजाचे पहारेकरी उभे असायचे. फट कशाला लागते?”

“मग आपल्या गल्ल्याला पहारेकरी कोण?”

“मी आहे ना.”

या उत्तराने नातवाचे समाधान झाले, पण ते पुढे फार काळ टिकले नाही. त्याच भेटीत त्याने विचारलेला दुसरा प्रश्न अधिक अडचणीचा होता, तो म्हणजे रांजणातल्या पैशाचे पुढे काय झाले. घाटातील लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला मोठा लेख असून भारतातील अतिशय जुन्या अंकचिन्हांसाठी तो अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. मात्र ते अंक कशाचे, असे विचारल्यास यज्ञांच्या निमित्ताने दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, यांच्या संख्यांचे, असे उत्तर द्यावे लागते. थोडक्यात, ज्या घाटात पैसा जमा होत असल्याचे सांगितले जाते त्याच घाटात कोरून ठेवलेला हिशेब जमेचा नसून खर्चाचा आहे. नातवाने यावरून असा निष्कर्ष काढला की मोठी माणसे साठवतात ते देऊन टाकण्यासाठी, आणि बॅट हा त्या मानाने किरकोळ खर्च आहे. आजोबांनी परतीच्या वाटेवर निसर्गाकडे त्याचे लक्ष वेधले.

नाणेघाटातून हात हलवत परतलेल्या आजोबांनी मग व्याजाचा धडा घेतला, आणि तो त्यांना महागात पडला. मातीचा गल्ला व्याज देत नाही ही गोष्ट आजोबांना सलत होती, म्हणून प्राचीन काळी याच भागात ठेवीवर व्याज मिळत असे हे त्यांनी नातवाला समजावून दिले. क्षत्रप नहपान याच्या अयम नावाच्या अमात्याचा लेख जुन्नरच्या मानमोडी डोंगरातील लेण्यांत आहे, आणि त्याच नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यात कोरून ठेवले आहे की त्याने विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिकांच्या संघाकडे, २००० कार्षापण दरमहा शेकडा एक या दराने कायमचे ठेवले आणि त्याच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण कापडासाठी मिळावेत अशी व्यवस्था केली. दोन हजारांवर वर्षाला दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा दोनशे चाळीस. चौथीतल्या मुलालाही हे गणित तोंडी सोडवता आले. दरमहा शेकडा एक हा दर मात्र त्याने मनात नोंदवून ठेवला, ज्याची आजोबांना त्या वेळी कल्पना आली नाही.

नारळी पौर्णिमेला, म्हणजे संकल्पाच्या साधारण पस्तिसाव्या दिवशी, नातवाचे मामा राखीसाठी आंबेगाव तालुक्यातून आले. (ज्या गावावरून त्या तालुक्याला नाव मिळाले ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, तालुक्याची कचेरी घोडेगावात आहे आणि मोठी बाजारपेठ मंचरला, तरीही नाव आंबेगावचेच चालते, बुडालेल्या ठेवीचे पासबुक जपून ठेवावे तसे.) मामांनी कौतुकाने दहा रुपयांचे नाणे काढून भाच्याच्या हाती ठेवले. दहाच्या नाण्याविषयी मामांना वाटणारा उदारपणा समजून घेतला पाहिजे, कारण अनेक दुकानदार ते खोटे असल्याच्या अफवेमुळे घेत नाहीत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये त्याचे तोपर्यंतचे चौदाही नमुने कायदेशीर असल्याचे जाहीर केले, तरी बँकेचे पत्रक टपरीवर वाचले जात नाही आणि नाणे भाच्यांच्या वाट्याला येते. नातवाने ते फटीत घातले. २७ मिलिमीटरचे नाणे २७ मिलिमीटरच्या फटीत अर्धे शिरले आणि थांबले; ना आत, ना बाहेर.

ते काढण्यासाठी आजोबांनी स्वयंपाकघरातली पातळ सुरी मागवली. नाणे हलके हलके निघाले आणि आजीच्या बटव्यात जमा झाले, परंतु या शस्त्रक्रियेत आजोबांना एक असे ज्ञान प्राप्त झाले जे निवृत्त शिक्षकास प्राप्त न होते तर बरे. गल्ला उलटा धरून सुरीचे पाते फटीतून आत सरकवले आणि घट किंचित तिरका केला की आतले नाणे पात्यावर आडवे येऊन बसते, आणि पाते सावकाश बाहेर ओढल्यास त्याच्यावरून घसरत आपोआप तळहातावर येते. पाच रुपयांचे नाणे २५ मिलिमीटरचे, फट २७ची; दोन मिलिमीटरच्या या मोकळ्या जागेत चातुर्मासाचा संकल्प निघून जाऊ शकतो. गल्ला फोडल्याशिवाय पैसा निघत नाही हे विधान म्हणूनच सुरी नसलेल्या घरांपुरतेच खरे मानावे.

पुढचे काही आठवडे घरात सर्व सुरळीत होते आणि एसटी स्टँडजवळच्या टपरीवर आजोबांचा चहा नेहमीपेक्षा नियमित झाला होता.

साठाव्या दिवशी नातू गल्ला घेऊन वाण्याच्या दुकानात गेला आणि त्याने तो इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला. आजोबांनी शिकवल्याप्रमाणे, म्हणजे प्रत्येक प्रयोगाची सुरुवात नोंदीने करावी या नियमाने, रिकाम्या गल्ल्याचे वजन त्याने पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवले होते, ते ३१० ग्रॅम होते. पाच रुपयांच्या चालू मालिकेतील, धान्याच्या कणसाचे चित्र असलेल्या नाण्याचे वजन ६.७४ ग्रॅम असते. साठ नाण्यांचे ४०४ ग्रॅम होतात आणि गल्ल्यासह ७१४ ग्रॅम व्हायला हवेत. काट्याने ६६५ दाखवले. वाण्याचा काटा पाच पाच ग्रॅमच्या टप्प्यांनी वजन दाखवतो हे गृहीत धरले तरी जवळपास ४९ ग्रॅमची तूट उरते, आणि सात नाण्यांचे वजन ४७ ग्रॅम भरते. नातवाने वहीत ‘सात’ असा आकडा लिहून त्याला दोनदा गोल केला.

आजोबांनी प्रथम शास्त्रीय बचाव केला आणि तो खरोखरच उत्तम होता. पाच रुपयांचे याआधीच्या मालिकेतील पिवळे नाणे फक्त ६ ग्रॅमचे आहे, म्हणजे प्रत्येक नाण्यामागे पाऊण ग्रॅमच्या आसपास फरक. साठही नाणी तशी असतील तर ४४ ग्रॅमची तूट चोरीशिवायच निर्माण होते, आणि उरलेले पाच ग्रॅम काट्याच्या खाती टाकता येतात. वजनावरून नाणी मोजण्याच्या पद्धतीची खरी मर्यादा हीच आहे की सर्व नाणी एकाच मालिकेची असल्याची खात्री हवी, एरवी मोजदाद पुष्कळ चुकते. दुर्दैवाने नातवाला कणसाचे चित्र आवडत असल्यामुळे त्याने पहिल्या दिवसापासून दुसरे नाणे कधी स्वीकारलेच नव्हते, आणि या हट्टाबद्दल आजोबांनीच त्याचे चारचौघांत कौतुक केले होते. मग आजोबांनी पावसाळी हवेचा मुद्दा मांडला. यावर आजीने, ज्या आतापर्यंत तांदूळ निवडत होत्या, एवढेच सांगितले की ओल धरून मडके जड होते, हलके होत नाही.

अखेर आजोबांनी दिलेल्या कबुलीनंतर घरात जी शांतता पसरली तिचा संबंध मानसशास्त्रातील एका प्रयोगाशी जोडता येतो. धीराविषयी बोलताना स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून केलेल्या प्रयोगांचा हमखास उल्लेख होतो, ज्यांत मुलासमोर एक गोड खाऊ ठेवून थोडा वेळ थांबल्यास दोन मिळतील असे सांगितले जात असे, आणि थांबणे हा मुलाच्या अंगचा गुण मानला जाई. २०१३ साली रॉचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी त्यात एक बारीक भर घातली. त्यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना आधी चित्रकलेचे चांगले साहित्य आणून देण्याचे कबूल केले. काहींना ते खरोखर दिले आणि काहींसमोर रिकाम्या हाताने परत येऊन क्षमा मागितली. त्यानंतर खाऊची परीक्षा घेतली तेव्हा शब्द पाळलेल्या मोठ्यांकडची मुले सरासरी सुमारे बारा मिनिटे थांबली, शब्द मोडलेल्यांकडची सुमारे तीन मिनिटे. मुलाच्या धीराची लांबी मोजायला बसलेला माणूस पुष्कळदा स्वतःच्या शब्दाची लांबी मोजत असतो, असा त्याचा सरळ अर्थ निघतो. रॉचेस्टरच्या प्रयोगशाळेत जे साहित्य लागले त्याच्या तुलनेत जुन्नर तालुक्यात एक सुरी आणि सात चहा पुरले, एवढाच काय तो फरक.

नातू मात्र तीन मिनिटांनी बॅट मागणाऱ्यांपैकी नव्हता. त्याने वाटाघाट केली. सात नाणी परत यावीत हे उघडच होते, पण ती सुमारे महिनाभर बाहेर राहिल्यामुळे त्यांवर उषवदाताच्या दराने, म्हणजे दरमहा शेकडा एक, व्याज मिळावे अशी त्याने मागणी केली. पस्तीस रुपयांवर शेकडा एक म्हणजे पस्तीस पैसे. येथे चलनव्यवस्थेने आजोबांची बाजू घेतली, कारण २५ पैसे आणि त्याहून लहान नाणी ३० जून २०११ पासून बाद झालेली आहेत आणि ५० पैशांचे नाणे कायद्याने चालत असले तरी दुकानात चालत नाही, त्यामुळे पस्तीस पैसे चुकते करण्याचा कोणताही मार्ग भारत सरकारने शिल्लक ठेवलेला नाही. आजोबांनी व्याज शून्यावर आणण्याचा प्रस्ताव ठेवला, नातवाने तो वरच्या पूर्ण रुपयावर नेण्याचा. आजीने रुपया द्यायला लावला. शेकडा एकच्या जागी दर जवळजवळ शेकडा तीनवर गेला, जो सातवाहनांच्या किंवा क्षत्रपांच्या काळी विणकरांनी कधी मान्य केला नसता.

उरलेले दिवस गल्ला देवघरात राहिला आणि सुरी आजीच्या नजरेसमोर. कार्तिकी एकादशीला तो पुन्हा वाण्याच्या काट्यावर चढला. ११८ नाण्यांचे ७९५ ग्रॅम, गल्ल्याचे ३१०, व्याजाच्या रुपयाचे ३, अशी बेरीज ११०८ येत होती आणि काट्याने १११० दाखवले, तेव्हा आजोबांनी दीर्घ श्वास घेतल्याचे दुकानातील इतरांनीही पाहिले. गल्ला अंगणात नारळाप्रमाणे फोडण्यात आला. बॅटीच्या दुकानदाराने एकशे दहा नाणी मोजण्यास प्रथम नकार दिला, त्यावर आजोबांनी त्याला नाण्यांविषयीचा २०११ चा कायदा समजावून सांगितला, ज्यानुसार एक रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंत कायदेशीर देय ठरतात. दुकानदाराने कायद्यापुढे नव्हे, तर व्याख्यान लांबेल या भीतीने ती मोजून घेतली.

खापऱ्यांपैकी एक तुळशीच्या कुंडीच्या तळाच्या भोकावर बसवण्यात आली. उरलेल्या चाळीस रुपयांत त्याच कुंभाराकडून दुसरा गल्ला आणला, तो नातवाच्या सांगण्यावरून आजीच्या लोखंडी ट्रंकेत ठेवला गेला, आणि ट्रंकेची किल्ली आजोबांकडे दिलेली नाही.